वही पाहून कळवतो

तारकर्लीत आठ खोल्यांचं एखादं लॉज असतं. मालक सकाळी मासळी आणायला गेलेले असतात आणि इकडे फोनवर मेसेज येऊन पडतो, ‘रूम आहे का? रेट?’ तासाभरात उत्तर नाही आलं, तर पाहुणा शेजारच्या लॉजला विचारून मोकळा होतो. म्हणून व्हॉट्सॲप बिझनेसवर आपोआप जाणारं उत्तर लावतात. ॲप फुकट आहे, पण ते उत्तर प्रश्न वाचत नाही. स्वागताचा मेसेज नव्या माणसाला जातो, किंवा १४ दिवस बोलणं झालं नसेल तर जुन्याला.

तेव्हा त्या एका मेसेजात दर असा लिहावा की पुन्हा विचारावं लागू नये:

‘नमस्कार. दोघांसाठी एका रात्रीचे नॉन-एसी १,८०० रुपये, एसी २,४००. शनिवार-रविवारी ५०० जास्त. जादा गादी ४००. नाश्ता धरून, जेवण वेगळं. तारीख, किती रात्री, मोठी माणसं किती आणि मुलांची वयं कळवा. खोली आहे का, ते वही पाहून सांगतो.’

यातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दर ठरलेला असतो, खोली तासातासाला बदलते. पुष्कळांना मोह होतो तो थेट ‘आहे’ किंवा ‘नाही’ सांगणाऱ्या बॉटचा. तो ऑनलाइन कॅलेंडर पाहून बोलतो. आता समजा, चार वाजता शेवटची एसी खोली फोनवर दिली आणि वहीत लिहिली. कॅलेंडरमध्ये ती रात्री भरायची, असा बेत. सव्वाचारला बॉट दुसऱ्या कुटुंबाला ‘आहे’ म्हणतो, तेही ॲडव्हान्स पाठवून देतात. रात्री दारात दोन गाड्या! फोनवरचं प्रत्येक बुकिंग त्याच क्षणी कॅलेंडरमध्ये चढत असेल, तरच बॉटला ‘आहे’ म्हणू द्यावं. नाहीतर होकार माणसानेच द्यावा आणि ॲडव्हान्स त्यानंतरच घ्यावा.

रस्त्याचं काम त्यामानाने सोपं. ॲपमध्ये ‘क्विक रिप्लाय’ साठवता येतात. `/rasta` टाइप केलं की तयार मजकूर समोर येतो. नुसतं लोकेशन पुरत नाही. आतल्या खोलीत बसून घेतलेली खूण कधी मागच्या पाणंदीवर पडते आणि गाडी माडांत अडकते. खूण फाटकापाशी उभं राहून घ्यावी आणि दुसऱ्याच्या फोनवर उघडून पाहावी. सोबत शब्दांतही लिहावं: कुडाळ स्टेशनवरून मालवण, तिथून तारकर्लीचा रस्ता, अमुक देवळानंतर डावीकडे. वाटेत रेंज गेली तरी आलेला मजकूर वाचता येतो.

हे सगळं बसवल्यावर विसरतं ते दर बदलायचं. दिवाळीत भाव वाढवला आणि मेसेज जुनाच राहिला, की पाहुणा काउंटरवर स्क्रीनशॉट दाखवतो आणि जुन्याच भावात खोली द्यावी लागते. म्हणून दराखाली ‘हे दर अमुक तारखेपर्यंत’ अशी एक ओळ घालावी.