झोपेसाठी लावायचं ते संगीत कोणतं?

रात्री अंथरुणावर पडल्यावर मोबाईलवर काहीतरी हळुवार लावून डोळे मिटायचे, ही सवय आता घरोघरी दिसते. मात्र गाणं निवडताना बहुतेक जण एकच गोष्ट पाहतात, ती म्हणजे ते संथ आहे का. संथपणा हवाच, पण तेवढ्याने भागत नाही.

आधी लयीचं पाहू. झोपेवरच्या अभ्यासांमध्ये मिनिटाला साधारण 60 ते 80 ठोक्यांचं संगीत वापरलं जातं. शांत बसलेल्या माणसाच्या हृदयाचे ठोकेही साधारण याच टप्प्यात असतात. गाण्याची लय मोजणं सोपं आहे. बोटाने ठेका धरायचा, 15 सेकंदांत किती ठोके पडले ते मोजायचं आणि त्याला चारने गुणायचं. 15 ते 20 ठोके आले, तर लय योग्य आहे.

आपल्या विलंबित ख्यालाला हे माप लावताना जरा थांबावं लागतं. विलंबित एकतालात एक मात्रा चार-पाच सेकंदही चालते, म्हणजे मात्रा मोजल्या तर मिनिटाला जेमतेम 12 ते 15 भरतात. पण तबलजी प्रत्येक मात्रेचे चार भाग करून ती भरत असतो आणि कानाला जाणवते ती या भागांची चाल, मिनिटाला 50-60 ची. म्हणून विलंबित ख्यालाची सुरुवात झोपेला चांगली जुळते.

घोटाळा होतो तो पुढे. समजा, तुम्ही सतारीवरचा दरबारी कानडा लावला. रात्रीचा राग, मंद्र सप्तकातले खोल स्वर, आंदोलित कोमल गंधार. आलापात ठेका नसतो, एकेक स्वर निवांत येतो आणि डोळा लागतो. मग जोड सुरू होतो, लय बांधली जाते. झाल्यात चिकारीच्या तारा जोरात छेडल्या जातात. गत सुरू झाली की तबल्याची उठान येते आणि मैफलीचं ध्वनिमुद्रण असेल तर टाळ्यांचा कडकडाटही होतो. तोवर झोप अजून उथळच असते आणि माणूस दचकून जागा होतो. दोष रागाचा नसतो. हे संगीत ऐकणाऱ्याला टप्प्याटप्प्याने वर नेण्यासाठीच रचलेलं असतं. ख्यालातही द्रुत बंदिश आणि ताना आल्या की तेच घडतं. म्हणून फक्त आलापाचं ध्वनिमुद्रण निवडावं किंवा टायमर असा लावावा की जोड सुरू होण्याआधीच वादन थांबेल. झोपेचा वैरी आहे तो अचानक झालेला बदल: आवाजातला, लयीतला, वाद्यातला. यूट्यूबवर मधेच येणारी जाहिरात यात सर्वांत वाईट. गाणं आधी उतरवून ठेवा आणि पुढचं गाणं आपोआप लागण्याची सोय बंद करा.

शब्दांचाही प्रश्न आहे. आवडतं भावगीत लागलं की मन सोबत गाऊ लागतं, पुढची ओळ आठवू लागतं. मग शब्द काढून टाकले तर काम होईल, असं वाटतं. पण अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातील मायकल स्कलिन यांच्या 2021 सालच्या प्रयोगात उलटंच दिसलं. झोपण्याआधी लोकांना गाजलेली पॉप गाणी ऐकवली, तेव्हा शब्दांशिवायच्या वाद्यरूपांनीच ती जास्त डोक्यात घोळत राहिली आणि ज्यांच्या डोक्यात गाणं अडकलं त्यांची झोप बिघडली. त्यामुळे लोकप्रिय सिनेगीतांची बासरीवरची किंवा पियानोवरची रूपं मला झोपेसाठी मुळीच पटत नाहीत. ज्याला घट्ट मुखडा नाही, जे गुणगुणता येत नाही, तेच बरं.

परिणाम पहिल्या रात्री दिसेलच असं नाही. हंगेरीतल्या, 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात झोपेची तक्रार असलेल्या विद्यार्थ्यांनी तीन आठवडे रोज झोपताना 45 मिनिटं शांत पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकलं आणि त्यांची झोप सुधारली. त्याच वेळेत ध्वनिपुस्तक ऐकणाऱ्यांना तसा फायदा झाला नाही. म्हणून रोज नवं काही शोधू नका. एकच ध्वनिमुद्रण, एकच वेळ, 45 मिनिटांचा टायमर, एवढं तीन आठवडे पाळा. आवाज इतका कमी ठेवा की शेजारी कुणी हळू बोललं तरी ऐकू यावं. कुशीवर झोपणाऱ्यांना इयरफोन टोचतात, त्यापेक्षा उशीपासून थोडा दूर ठेवलेला छोटा स्पीकर बरा.

मात्र आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री झोप येत नसेल आणि हे तीन महिने चाललं असेल, किंवा घोरताना श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील, तर संगीतावर विसंबून राहू नका, डॉक्टरांना दाखवा.