दार बंद झाल्यानंतरची अकरा मिनिटे

ठाण्यातील एका घरात सकाळी सव्वाआठला जे घडत होते, ते वाचकांपैकी अनेकांनी आपल्या घरीही पाहिले असेल. आईने खांद्याला पर्स अडकवली की पंधरा महिन्यांची मुलगी हातातले खेळणे टाकून दाराकडे धावे, तिची ओढणी धरून ठेवी आणि आजीने कडेवर घेताच अंग मागे टाकून आक्रोश करी. आईला ८.४२ ची लोकल गाठायची असे. दादरला बँकेच्या शाखेत पोहोचेपर्यंत आणि त्यानंतरही दिवसभर तो आवाज तिच्या कानांत राही. कामावर रुजू होऊन तीन आठवडे झाले होते आणि राजीनाम्याचा मसुदा तिने लिहून ठेवला होता.

या तिघी माझ्याकडे आल्या त्या लसीच्या निमित्ताने. लस टोचून झाली, मुलगी शांत झाली आणि आई रडू लागली. ‘‘डॉक्टर, मी तिच्यावर अन्याय करते आहे का?’’ तिच्याशेजारी बसलेल्या सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांची चूक नव्हती, परंतु या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग त्यांच्याचजवळ होता. म्हणून हा लेख मुख्यतः घरी राहणाऱ्या आजी-आजोबांसाठी आणि बाळ सांभाळणाऱ्यांसाठी आहे.

आधी वयाचा हिशेब पाहू. आईपासून दूर होताना रडण्याचे वय साधारणपणे आठव्या-नवव्या महिन्यात सुरू होते, दहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान ते शिखरावर असते आणि दोन-तीन वर्षांपर्यंत ओसरते. पाच महिन्यांचे बाळ आजीकडे हसत जाते, कारण नजरेआड झालेली वस्तू अजूनही कोठेतरी आहे, हे त्याच्या मनात पुरते रुजलेले नसते. नवव्या महिन्याच्या आसपास ते रुजते. रुमालाखाली लपवलेला खुळखुळा ते शोधू लागते. त्याच सुमारास दाराबाहेर गेलेली आई ‘आहे, पण माझ्याजवळ नाही’ हेही त्याला कळू लागते. संध्याकाळ म्हणजे किती वेळाने, हे मात्र कळत नाही. आई आहे, ती गेली आहे आणि कधी येईल ते ठाऊक नाही, अशा अवस्थेत रडण्यावाचून त्याच्याजवळ दुसरा उपाय नसतो.

आपल्याकडे २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली. ही रजा संपवून रुजू होणारी आई बाळ सहा महिन्यांचे होण्याच्या आत-बाहेर घर सोडते, तेव्हा फारसे रडणे नसते. दोन-तीन महिन्यांनी ते अचानक सुरू होते आणि घरात शंका शिरते. सुनेला वाटते, सासूबाईंकडे काही बिनसले. सासूबाईंना वाटते, आपल्यावर ठपका येतो आहे. वास्तविक बाळाची समज वाढलेली असते, इतकेच. आमच्या या आईने बिनपगारी रजा वाढवून मुलीला सव्वा वर्षाची होऊ दिले. तिचा हेतू चांगला होता, पण त्यामुळे ती नेमकी या शिखराच्या काळातच बाहेर पडली.

आईच्या मनातील भीतीची मुळे शोधू लागलो, तर ती एका जुन्या अभ्यासापर्यंत जातात. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला. आईच्या सहवासाला पारखी झालेली मुले कशी कोमेजतात, हे त्यात होते. त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये रुग्णालयात आठ दिवस राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचा माहितीपट दाखवला. त्या काळी तिथे आईवडिलांना भेटीची थोडीच मुभा असे. पुढे रुग्णालयांचे ते नियम बदलण्यास या माहितीपटाचा हातभार लागला. परंतु ती मुले अनाथालयांत, रुग्णालयांत, सतत बदलणाऱ्या अनोळखी हातांत होती. ओळखीच्या घरी, ओळखीच्या आजीच्या मांडीवर काढलेले नऊ-दहा तास आणि ती स्थिती यांत मोठे अंतर आहे. ‘बाळाला आई लागतेच’ या वाक्यात हे अंतर पुसले जाते आणि पुसलेली जागा अपराधीपणा व्यापतो.

बोल्बींच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी पुढे एक साधा प्रयोग केला. वर्षाच्या मुलाला खोलीत ठेवून आई थोडा वेळ बाहेर जाई आणि परत येई. नात्याची खरी पारख त्यांना मूल किती रडले यातून झाली नाही. आई परतल्यावर ते तिच्याकडे येते का, तिच्या कुशीत शांत होते का आणि पुन्हा खेळाकडे वळते का, यातून झाली. आईला पाहून बिलगणारे आणि थोड्या वेळात सावरणारे मूल तिच्याविषयी आश्वस्त असते. दारातला आक्रोश ऐकून नात्याची परीक्षा करणारी आई चुकीचा पेपर तपासते आहे, असे मी त्या दिवशी म्हणालो.

मग मी आजींना विचारले, ‘‘दार लागल्यावर ती किती वेळ रडते?’’ त्या म्हणाल्या, ‘‘बराच वेळ. घड्याळ कोण पाहतो?’’ मी त्यांना दिनदर्शिकेच्या चौकटीत रोज मिनिटे लिहून ठेवायला सांगितले.

दरम्यान या घरात कोणता उपाय चालू होता तेही कळले. आजोबा नातीला गॅलरीत नेऊन कबुतरे दाखवीत आणि तेवढ्यात आई चप्पल हातात घेऊन हळूच निसटे. त्या दिवशी रडणे कमी होई. परंतु दोन आठवड्यांत मुलगी आईला स्नानगृहातही जाऊ देईना. रात्री तीन-तीनदा उठून आई शेजारी आहे ना, हे चाचपून पाहू लागली. गॅलरी म्हटले तरी मान फिरवू लागली. नजर चुकवून जाण्याचा हा परिणाम बहुतेक घरी असाच दिसतो. आई कोणत्याही क्षणी, न सांगता नाहीशी होऊ शकते, असे मूल शिकते आणि मग सतत तिच्यावर पाळत ठेवते. मूल दिवसभर चिकटू लागले असेल, तर निरोप चोरून होत आहे का, हे आधी पाहावे.

आम्ही क्रम बदलला. पर्स, डबा, चप्पल ही सगळी तयारी आधी पूर्ण करायची. मग आईने खाली बसून, मुलीच्या डोळ्यांसमोर येऊन रोज तेच वाक्य म्हणायचे: ‘‘आई कामाला जाते, दिवा लागला की येते.’’ एक पापा, एक टाळी आणि जायचे. हे सारे मिनिटभरात. आजींनी नातीला कडेवर घेऊन दारात उभे राहायचे नाही. त्यांचे गुडघे दुखतात, मुलगी दहा किलोंची आहे आणि अंग मागे टाकणारे मूल उभ्याने सावरणे दोघींनाही धोक्याचे. दाराजवळ खुर्ची ठेवून, बसून, एक हात मुलीच्या पाठीमागे ठेवून तिला मांडीवर घ्यायचे. ‘‘रडू नको, आई आत्ता येईल’’ हे खोटे बोलायचे नाही. ‘‘आई गेली, तुला वाईट वाटलं’’ असे म्हणायचे आणि थोपटत राहायचे.

अवघड भाग जिन्यावर होता. पहिल्या दिवशी आई दुसऱ्या मजल्यावरून परत आली. त्या दिवशी दिनदर्शिकेत २२ लिहिले गेले. माघारी फिरलेली आई मुलीला नकळत सांगते की आणखी रडलीस तर मी येईन, आणि निरोप दोनदा घ्यावा लागतो. दुसऱ्या दिवशी ती थांबली नाही: १९ मिनिटे. शुक्रवारी ११. शनिवार-रविवारच्या सहवासानंतर सोमवारी पुन्हा १७. हे अपेक्षितच असते, पण ते आधी सांगितले नाही तर घर खचते. तिसऱ्या आठवड्यात दाढा आणि ताप आला तेव्हा २६. नंतर आकडा चार-पाचावर आला.

आईला या आकड्यांतील एकही ठाऊक नव्हता. तिच्या दृष्टीने मुलगी साडेआठपासून संध्याकाळपर्यंत रडतच होती, कारण तिने ऐकलेला शेवटचा आवाज तोच होता. संध्याकाळी सासूबाई सांगत, ‘‘आज फार रडली गं.’’ तक्रार म्हणून नव्हे, नातीचा आईवर किती जीव आहे हे सांगण्यासाठी. ऐकणारीला मात्र तो आरोप वाटे. आता आजी रडे थांबले की एक छोटा फोन करतात किंवा छायाचित्र पाठवतात: वाटीतला वरणभात, सांडलेले पाणी, कबुतरे. रडण्याचे छायाचित्र पाठवायचे नाही, एवढे मी बजावले आहे.

आणखी एक प्रसंग आजींना बोचत होता. दिवसभर छान खेळलेली नात आई येताच हुंदके देऊन रडे. ‘‘म्हणजे माझ्यापाशी ती सुखी नव्हती का?’’ त्या म्हणाल्या. सुखीच होती. साठवलेले ओझे मूल ज्याच्यापाशी सर्वांत निर्धास्त असते, त्याच्यापाशी उतरवते. त्या वेळी ‘तुला पाहिलं की नाटकं सुरू’ म्हणू नये. आईने मात्र स्वयंपाकघरात शिरण्याआधी पंधरा-वीस मिनिटे, फोन बाजूला ठेवून, जमिनीवर बसावे.

सगळेच रडणे असे नसते. चार-पाच आठवडे उलटूनही मूल दिवसाचा मोठा भाग रडत असेल, जेवण सुटले असेल, खेळण्यात मन नसेल, संध्याकाळी आईजवळही शांत होत नसेल किंवा उलट निपचित बसू लागले असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. एखाद्या विशिष्ट व्यक्तीपुरतेच भय दिसले किंवा येत असलेले शब्द हरवले, तर वाट पाहू नये. आईकडेही लक्ष हवे. मूल झोपल्यावरही तिला झोप येत नसेल, दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच गोडी वाटत नसेल, ‘मी नसते तर बरे’ असे ती बोलत असेल, तर तो अपराधीपणा नव्हे. ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. ‘आमच्या वेळी नव्हती असली थेरं’ हे वाक्य अशा वेळी फार महागात पडते. आमच्या वेळीही हे होते, बोलले जात नव्हते.

राजीनाम्याचा मसुदा तसाच पडून आहे. परवा आजींचा फोन आला. त्या दिवशी नातीने आपणहून आईची चप्पल आणून दिली होती, टाळी दिली होती आणि ती गॅलरीकडे वळली होती. जिन्यातून सूनबाईंचा आवाज आला, ‘‘आई, आज रडलीसुद्धा नाही हो ती!’’ आणि मग त्या स्वतःच पायरीवर बसून रडल्या. ‘‘आता हिच्यासाठी कोणती चौकट आखू?’’ आजी मला विचारत होत्या.