बचतीच्या व्याजावर कर: तोटा नेमका किती?

दोन सहकाऱ्यांची कल्पना करा. दोघांनाही एक-एक लाख रुपये बोनस मिळाला. हिशेब सोपा राहावा म्हणून कराचा दर सरसकट ३० टक्के धरू. दोघांच्याही हातात ७० हजार उरले. पहिल्याने ते लगेच खर्च केले. दुसऱ्याने दहा वर्षांसाठी ७ टक्के व्याजाने बँकेत ठेवले.

व्याजावर कर नसता, तर दुसऱ्याचे सुमारे १ लाख ३७ हजार ७०० रुपये झाले असते. पण मुदत ठेवीचे व्याज उत्पन्नात धरले जाते, म्हणून दरवर्षी ७ टक्क्यांतले २.१ टक्के करात जातात. ४.९ टक्क्यांनी दहा वर्षांनंतर हाती येतात सुमारे १ लाख १२ हजार ९००. पैसे कमावताना दोघांनी सारखाच कर भरला होता. हा जादा भार एकट्या दुसऱ्यावर पडला, तो केवळ त्याने खर्च पुढे ढकलला म्हणून.

त्यात महागाई दरवर्षी ५ टक्के असेल, तर आज ७० हजारांना मिळणाऱ्या वस्तूंना दहा वर्षांनी सुमारे १ लाख १४ हजार लागतील. म्हणजे दहा वर्षे थांबूनही त्याची खरेदीची ताकद घटली. व्याजाचा मोठा भाग केवळ महागाई भरून काढतो, तरी कर मात्र पूर्ण व्याजावर बसतो.

उपभोग कराचा मार्ग वेगळा आहे. बचत केली तोवर कर नाही, खर्च केला की कर. पूर्ण एक लाख ठेवले तर दहा वर्षांनी १ लाख ९६ हजार ७०० होतात. त्यातले ३० टक्के दिले की १ लाख ३७ हजार ७०० उरतात, म्हणजे व्याज करमुक्त असताना मिळाले असते तेवढेच! आज खर्च करणारा आणि उद्या खर्च करणारा, दोघांवर सारखाच भार.

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ निकोलस कॅल्डोर यांच्या सल्ल्याने भारताने १९५८ पासून व्यक्तिगत खर्चावर कर लावूनही पाहिला. पण सवलतींनी तो पोखरला गेला, वसुली नगण्य राहिली. १९६२ मध्ये तो काढला, १९६४ मध्ये परत आणला आणि १९६६ मध्ये कायमचा बंद केला. वर्षभराचा खर्च मोजणे हीच त्यातली खरी अडचण होती.

२०१७ पासूनचा जीएसटीही उपभोगावरचाच कर आहे. मात्र तो आयकराच्या जागी आला नाही, त्याच्या जोडीला आला. त्यामुळे ठेवीदार आधी व्याजावर कर देतो आणि उरलेले खर्च करताना जीएसटी देतो. जीएसटीला आणखी एक मर्यादा आहे: गरीब कुटुंबाची जवळपास सगळी कमाई खर्चात जाते, म्हणून मिळकतीच्या मानाने त्याच्यावरचा भार जास्त असतो. कॅल्डोर यांच्या करात जास्त खर्चाला चढा दर होता, तो यासाठीच.

या सगळ्यात पीपीएफचे व्याज मात्र करमुक्त आहे. तिथे सामान्य पगारदाराला उपभोग कराचाच न्याय मिळतो, पण वर्षाला दीड लाखांपर्यंतच आणि पंधरा वर्षांच्या मुदतीने.