तुरी कोणाच्या हातावर?

‘वाक्यात उपयोग करा’ या प्रश्नात ‘हातावर तुरी देणे’ आले की एखादा मुलगा हमखास लिहितो, ‘आईने माझ्या हातावर तुरी दिल्या.’ व्याकरण बिनचूक, पण अर्थ निसटलेला! इथे तुरी खऱ्या नाहीत. अर्थ आहे, फसवून निसटून जाणे.

दुसरा मुलगा लिहितो, ‘चोराने हातावर तुरी दिल्या.’ पण कोणाच्या? फसलेला माणूस वाक्यात हवाच: ‘पोलिसांच्या हातावर तुरी देऊन चोर पसार झाला.’ वाक्प्रचारातले ‘देणे’ इथे ‘देऊन’ झाले.

म्हणीचे तसे नाही. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ जशीच्या तशी येते. तिच्याआधी प्रसंग रचावा लागतो: सामना हरल्यावर बंडू बॅटलाच दोष देऊ लागला. म्हणतात ना, नाचता येईना अंगण वाकडे!