गेलेल्या रुग्णाचे ओझे

अमेरिकेत मनोविकारशास्त्राचे प्रशिक्षण चार वर्षांचे असते. डॉक्टरकीची पदवी हाती आली की १ जुलैच्या सुमारास रेसिडेंट म्हणून रुजू व्हायचे आणि चौथ्या वर्षीच्या ३० जूनला बाहेर पडायचे, असा तिथला रिवाज. म्हणून जूनमध्ये विभागाविभागांत निरोपाचे समारंभ होतात. रेसिडेंटांबरोबर त्यांचे आईवडील, जोडीदार, कधी लहान मुलेही आलेली असतात. प्रमाणपत्रे देण्याआधी विभागप्रमुख दहा-पंधरा मिनिटे बोलतो. चार वर्षांतल्या गमती, शिक्षकांचे आभार, घरच्यांनी काढलेल्या खस्ता हे सगळे त्या भाषणात येते. पण या पेशाचे मनावर येणारे ओझे हा विषय घ्यायचा ठरवला, तर एक गोष्ट टाळून पुढे जाता येत नाही. ती म्हणजे ज्याच्यावर उपचार चालू होते, त्या रुग्णाने आत्महत्या करणे.

इतर शाखांतही रुग्ण दगावतात. हृदयविकाराचा रुग्ण गेला तर डॉक्टरला दुःख होते, पण त्या मृत्यूला हृदयाचे कारण असते आणि ते कागदावर दाखवता येते. मनोविकारतज्ज्ञाजवळ तपासणीचे मुख्य साधन म्हणजे त्याचे स्वतःचे ऐकणे आणि समोरच्याशी जुळलेले नाते. आत्महत्येची बातमी येते तेव्हा ते साधनच अपुरे पडले असे त्याला वाटते. शिवाय तो मृत्यू रुग्णाच्या स्वतःच्या हातून झालेला असतो. त्यामुळे दुःखात अपराधीपणा मिसळतो, कधी रागही मिसळतो, आणि रुग्णावर राग आला याची पुन्हा लाज वाटते. रुग्णामुळे उपचार करणाऱ्याच्या मनात उठणाऱ्या अशा भावनांना फ्रॉइडने १९१० मध्ये नाव दिले. त्या द्वेषापर्यंत जाऊ शकतात, हे ब्रिटिश मनोविश्लेषक विनिकॉट यांनी १९४९ च्या एका निबंधात उघडपणे मांडले. तरीही वॉर्डात त्यांविषयी बोलणे आजही अवघडच जाते.

हा अनुभव दुर्मीळ नाही. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांची १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेली एक पाहणी आहे. उत्तरे देणाऱ्या २५९ जणांपैकी ५१ टक्के तज्ज्ञांनी आपला निदान एक रुग्ण आत्महत्येने गमावला होता. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या मनावर त्यानंतरच्या आठवड्यांत आलेला ताण, आईवडिलांच्या मृत्यूनंतर उपचारासाठी येणाऱ्या माणसांच्या ताणाच्या तोडीचा होता. स्कॉटलंडमधल्या पाहणीत ज्येष्ठ तज्ज्ञांमध्ये हे प्रमाण सुमारे दोन तृतीयांश निघाले, आणि काहींच्या मनात मुदतीआधी निवृत्त व्हावे असाही विचार येऊन गेला होता. ही घटना पुष्कळदा प्रशिक्षणाच्या काळातच घडते. अतिशय आजारी रुग्ण मोठ्या शिकाऊ रुग्णालयांत येतात आणि त्यांच्याशी सर्वांत जास्त बोलतो तो रेसिडेंट.

प्रत्यक्षात काय होते ते एका कल्पित, पण नेहमीच्या धर्तीच्या उदाहरणावरून पाहता येईल. दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटकडे अठ्ठावीस वर्षांचा, तीव्र नैराश्याचा एक रुग्ण आहे. तीन आठवड्यांत त्याची झोप सुधारली, तो जेवू लागला, राउंडला मान वर करून बोलू लागला. सोमवारी त्याला घरी सोडले आणि पुढच्या सोमवारी ओपीडीत बोलावले. शनिवारी दुपारी फोन येतो. रुग्णालयातून घरी गेल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत जोखमीचे असतात, हे रेसिडेंटने पुस्तकात वाचलेले असते. आता तेच वाक्य त्याच्याविरुद्ध साक्ष देऊ लागते.

तो केसपेपर काढून वाचतो. डिस्चार्जच्या सकाळी त्याने लिहिलेले असते, ‘आत्महत्येचे विचार नाकारतो. बहिणीच्या लग्नाविषयी बोलला.’ त्या दिवशी या दोन वाक्यांनी त्याला धीर दिला होता. आज त्याला त्यांत निरोप दिसतो. रुग्णाने जाताना हात नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवला होता, हेही आठवते. शेवट ठाऊक झाल्यावर आधीची प्रत्येक खूण स्पष्ट वाटू लागते, हा मनाचा सर्वपरिचित चकवा आहे. रुग्णांना तो समजावून सांगणारा रेसिडेंट स्वतःच त्यात सापडतो. नोंदीत एखादा शब्द भरावा असा मोह याच वेळी होतो. ज्येष्ठांनी पहिल्या तासाभरातच त्याला सांगायला हवे की जुन्या नोंदीला हात लावू नकोस, नवे लिहायचे असेल तर आजची तारीख आणि वेळ घालून लिही.

मग नातेवाइकांना भेटायचे असते. ही भेट रेसिडेंटवर एकट्यावर सोडू नये, युनिट हेडने सोबत बसावे. कायदेशीर अडचणीच्या भीतीने काही ठिकाणी अजिबात न भेटण्याचा सल्ला दिला जातो. पण ज्यांचा मुलगा गेला त्यांना डॉक्टरांनी तोंड चुकवले असे वाटले, तर संशय वाढतच जातो. भेटीत दुःख व्यक्त करावे, विचारले तेवढे सांगावे, रुग्णाने विश्वासाने सांगितलेले मात्र जपावे. घरच्यांची हरकत नसेल तर अंत्यविधीला जाणेही योग्य ठरते.

यानंतर विभागात आढावा बैठक होते. तिथेच बहुधा घोटाळा होतो. बैठकीचा हेतू उपचारांची साखळी तपासण्याचा असतो. पुढची तारीख आठवड्याऐवजी तीन दिवसांनी देता आली असती का, आईला औषधे आणि धोक्याची चिन्हे कोणी समजावली होती का, मधल्या दिवसांत फोन करण्याची काही पद्धत होती का? प्रश्न ‘कोणी’कडून ‘कसे’कडे नेता आले नाहीत, तर त्या बैठकीची चौकशी होते आणि सर्वांत कनिष्ठ माणूस आरोपी ठरतो. बैठक घाईने, दोन-चार दिवसांतच घेतली तरी तेच होते. कारण त्या अवस्थेत रेसिडेंटला प्रत्येक प्रश्न ठपक्यासारखाच ऐकू येतो.

पुढच्या महिन्यांत काय पाहायचे, हे चांगल्या शिक्षकाला ठाऊक असते. रेसिडेंट रडतो की नाही यावर त्याचा भर नसतो, तो त्याचे निर्णय पाहतो. जरा उदास दिसणाऱ्या प्रत्येकाला तो भरती करून घेऊ लागला आहे का? डिस्चार्जच्या कागदावर सही करायला टाळाटाळ करतो का? की मरणाचा विषयच नको म्हणून रुग्णाला तो प्रश्न विचारणेच त्याने सोडले आहे? यातली शेवटची खूण सर्वांत घातक, कारण वरवर पाहता अशा डॉक्टरचे काम सुरळीत चाललेले दिसते.

अपराधीपणा कितपत रास्त आहे, याचे उत्तर आकडेमोडीतून मिळते. अमेरिकेतील ह्यूस्टन इथे माजी सैनिकांच्या रुग्णालयात दाखल झालेल्या ४८०० मनोरुग्णांचा पोकॉर्नी या तज्ज्ञांनी काही वर्षे पाठपुरावा केला आणि १९८३ मध्ये निष्कर्ष मांडले. त्या काळात ६७ जणांनी आत्महत्या केली. ते ६७ आधी ओळखता येतील का, हा प्रश्न होता. समजा एखादी चाचणी शंभरांत ऐंशी वेळा बरोबर ठरते. ती ६७ पैकी ५४ जणांना धोक्याच्या यादीत घेईल आणि १३ सुटतील. पण उरलेल्या ४७३३ पैकी सुमारे ९४७ जणांवरही ती चुकून बोट ठेवेल. म्हणजे यादी हजार जणांची होईल आणि तीत खरा धोका असलेला साधारण एकोणिसांत एक सापडेल. या चाचणीचे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. परंतु पोकॉर्नींचा स्वतःचा निष्कर्षही हाच होता, की उपलब्ध माहितीवरून नेमकी व्यक्ती हेरणे शक्य नाही. धोका वाढला आहे एवढे ओळखता येते, उपाय करता येतात आणि पुष्कळ जीव वाचतातही. कोणता माणूस कोणत्या शनिवारी, हे सांगता येत नाही. मात्र एवढ्यावरून ‘कोणाचीच चूक नव्हती’ असेही म्हणता येत नाही. पुढची तारीख लांबची दिली गेली असेल तर ती दिली गेली. भाकीत चुकणे आणि काळजी घेण्यात उणीव राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगळ्या करून दाखवणे, हेच शिक्षकाचे या प्रसंगातले सर्वांत अवघड काम.

विभागप्रमुखाच्या भाषणाचे महत्त्व इथे कळते. हे सारे रेसिडेंटला वर्गात शिकवलेले असते. वर्गात सहसा न सांगितलेली गोष्ट म्हणजे प्रमुखाचाही रुग्ण असा गेलेला आहे. व्यासपीठावरून त्याने ते सांगितले, तर त्याला सल्ल्यापेक्षा जास्त किंमत येते. ‘खंबीर राहा’ हे वाक्य ज्याचा रुग्ण गेला त्याला टोचते. ‘माझाही गेला, आणि महिनाभर मला डिस्चार्ज लिहिता येत नव्हता’ हे त्याच्या उपयोगी पडते. सांगताना रुग्णाचे वय, गाव, व्यवसाय काढून टाकावे लागतात, कारण सभागृहातले कोणीही त्या कुटुंबाच्या ओळखीचे असू शकते. हे भाषण ऐकणाऱ्यांत घरची माणसेही असतात. गोपनीयतेमुळे रेसिडेंटने घरी काहीच सांगितलेले नसते. दुसऱ्या वर्षाच्या त्या हिवाळ्यात आपला मुलगा ताटावर बसून गप्प का असायचा, हे आईला बहुधा त्या दिवशी पहिल्यांदा उमगते.

ते त्या दिवशीच सांगण्याला आणखी एक कारण आहे. जुलैपासून या डॉक्टरांच्या निर्णयावर वरिष्ठाची सही असणार नाही. आजवर रुग्ण गेला तर युनिट होते, बैठक होती, शेजारच्या खोलीत मित्र होता. खासगी व्यवसायात हे काहीच नसते. यावर बांधून दिलेली एक जुनी रीत आहे. १९५० च्या दशकात लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये मायकेल आणि एनिड बालिंट यांनी सामान्य डॉक्टरांचे छोटे गट सुरू केले. ठरलेल्या वेळी जमायचे, एकाने मनात घर करून बसलेल्या एका रुग्णाविषयी कागद न बघता बोलायचे आणि इतरांनी औषधांची चर्चा बाजूला ठेवून डॉक्टर-रुग्ण नात्यात काय चालले आहे ते पाहायचे. ब्रिटनमध्ये मनोविकारशास्त्राच्या प्रशिक्षणात असे गट आता अंतर्भूत आहेत. गटाच्याही मर्यादा आहेत. नुकत्याच घडलेल्या मृत्यूवर लगेच गटात बोलायला लावले तर काहींना ते उघडे पडल्यासारखे वाटते. त्यांना आधी एकाच विश्वासू ज्येष्ठाशी बोलू द्यावे.

भारतात एम.डी. मनोविकारशास्त्र तीन वर्षांचे असते आणि निरोप बहुधा ज्युनियरांनी दिलेल्या फेअरवेलमध्ये होतो. तिथे हा विषय क्वचितच निघतो. वॉर्डात अशी घटना घडली तर ती एमएलसी होते, पोलीस येतात, पंचनामा आणि जबाब होतात, आणि जबाब देणाऱ्यांत ड्युटीवरचा रेसिडेंट असतो. दुसऱ्या दिवशी ओपीडीची रांग तेवढीच लांब असते, कारण देशात एक लाख लोकसंख्येमागे एक मनोविकारतज्ज्ञही नाही. मग एम.डी. झालेला डॉक्टर एखाद्या तालुक्याच्या गावी दवाखाना थाटतो, तेव्हा पुष्कळदा त्या तालुक्यात तो एकटाच असतो. त्याच्या रुग्णाच्या बाबतीत असे घडले, की जुन्या गाइडचा नंबर फिरवणे एवढाच मार्ग त्याला उरतो. तो फोन करण्याची मुभा आहे, हे निघतानाच कोणी स्पष्ट सांगितले असेल तर तो फोन केला जातो. नाहीतर दवाखान्याचे शटर खाली ओढून तो एकटाच केसपेपर वाचत बसतो.