कव्हरवर वचन द्या, उत्तर नको

समजा, तुम्ही नागपुरात भिवापुरी मिरचीचं तिखट विकता. रीलमध्ये ग्लासभर पाण्यावर चिमूटभर तिखट टाकून दाखवता: कृत्रिम रंग मिसळलेला असेल, तर रंगाच्या रेघा खाली उतरतात.

कव्हरवर ‘पाण्यात रेघा दिसल्या तर भेसळ’ लिहिलं, की रील बघायचं कारणच संपलं. ‘हे नक्की बघा!’ लिहिलं, तर विषयच कळत नाही. त्याऐवजी लिहा: ‘तिखटात रंग आहे का? ग्लासभर पाणी सांगेल.’ फायदा कळला, खूण मात्र आत राहिली.

टाकण्याआधी कव्हर कुणाला तरी दाखवा. त्याला विषय सांगता आला, पण उत्तर नाही, तर जमलं. मजकूर मधोमध ठेवा. इन्स्टाग्राम प्रोफाइलवर कव्हर वरून-खालून कापलं जातं.