शेवटची गोटी आधी ठेवा

ब्रेनव्हिटाच्या पाटीवर 33 घरं असतात. मधलं रिकामं ठेवून बाकीच्या 32 घरांत गोट्या मांडायच्या. शेजारच्या गोटीवरून आडवी किंवा उभी उडी मारून पलीकडच्या रिकाम्या घरात जायचं आणि जिच्यावरून उडी मारली ती गोटी उचलायची. 31 उड्यांनंतर एकच गोटी मधोमध उरली की जिंकलात. बहुतेकांच्या मात्र दोन-तीन गोट्या लांब लांब अडकून पडतात.

जर्मन गणिती लायब्निझ यांनी 1716 सालच्या एका पत्रात लिहून ठेवलं आहे की, आपण हा खेळ उलटा खेळतो. म्हणजे रिकाम्या पाटीच्या मधोमध एक गोटी ठेवायची. ती रिकाम्या घरावरून उडी मारते आणि ओलांडलेल्या घरात नवी गोटी येते. मधली गोटी दोन घरं खाली नेली, की मध्याखाली दोन गोट्या एकाखाली एक होतात. आता त्यांतली वरची गोटी उजवीकडे दोन घरं न्या. तीन गोट्या झाल्या, आणि शेवटून तिसरी मांडणी हाती आली. गंमत अशी, की या उलट्या खेळात रिकामी घरं म्हणजेच गोट्या समजलं, तर तो हुबेहूब सुलटाच खेळ असतो.

पण मधोमधच का? दुसरीकडे कुठे शेवट होईल का? त्यासाठी घरं रंगवा. प्रत्येक ओळीत लाल, हिरवा, पिवळा असे रंग क्रमाने द्यायचे आणि खालच्या ओळीत एक घर सरकवायचं. मधलं घर हिरवं. उडीतली तीन घरं तीन वेगळ्या रंगांची असतात, म्हणून प्रत्येक उडीत दोन रंगांची एकेक गोटी घटते, तिसऱ्याची एक वाढते. तिन्ही संख्यांचं सम-विषम एकदम पालटतं. सुरुवातीला लाल 11, पिवळ्या 11, हिरव्या 10. म्हणजे लाल-पिवळ्यांची जोडी सम-विषमाच्या बाबतीत कायम सारखीच राहणार. शेवटची एकटी गोटी लाल घरात असती तर लाल 1, पिवळ्या 0, आणि जोडी फुटली असती. तेव्हा ती हिरव्यातच हवी. दोनच गोट्या उरल्या तर एक लाल नि एक पिवळ्या घरातच सापडते. हरलेल्या डावातही हे तपासून पाहा.

सरकवण्याची दिशा उलटी करून पुन्हा रंगवलं, तर दोन्ही वेळा हिरवी ठरणारी घरं पाचच निघतात: मध्य आणि चारही बाजूंच्या टोकांवरची मधली घरं. टोकाला शेवट होत असेल, तर शेवटची उडी उलट दिशेने मारून गोटी मध्यातच आणता येते.

रंग फक्त 'नाही' सांगतात, 'हो' नाही. मध्याच्या डाव्या-उजव्या घरांत एकेक गोटी उरली, तर रंगांची परीक्षा पास होते, पण उडीच उरत नाही.

37 घरांच्या फ्रेंच पाटीवर मध्य रिकामा ठेवला, की तिन्ही रंगांच्या बारा-बारा गोट्या येतात. तिन्ही संख्या सदैव एकत्र सम किंवा एकत्र विषम. 1, 0, 0 कधीच येत नाही. तिथे मध्यापासून सुरुवात करून एकच गोटी उरवणं अशक्यच आहे.